‘नेहमीचं पाठवा’ म्हणजे नक्की किती?

“काकू, नेहमीचं पाठवा. आणि या वेळी चकली जरा जास्त.”

आश्विनातल्या एका सकाळी माझ्या मावशीच्या फोनवर हा आवाजी निरोप आला. पाठोपाठ कुणाचातरी बेसन लाडवाचा फोटो, खाली प्रश्नचिन्ह. मग एका आजींचा ‘सुप्रभात’. मग पुण्याहून एकीने विचारलं, परदेशी पार्सल कराल का. मावशी त्या वेळी चिवड्याच्या पोह्यांना ऊन दाखवत होती. तिने हात पुसले, निरोप ऐकला आणि ‘हो’ असं लिहून टाकलं. त्या ‘हो’चा अर्थ काय, हे दोन्ही बाजूंना नीट ठाऊक नव्हतं. पार्सल पोचल्यावर ते कळलं. गेल्या वर्षी त्या बाईंनी दोनदा ऑर्डर दिली होती, एकदा घरासाठी आणि एकदा माहेरी पाठवायला. त्यांचं ‘नेहमीचं’ म्हणजे पहिली ऑर्डर होती. मावशीने दुसरी पाहून डबे भरले होते.

मावशी डोंबिवलीत राहते. दिवाळीत फराळ, एरवी थालिपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट असा तिचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या ऐंशी-पंच्याऐंशी ऑर्डरी ती सांभाळते, आणि त्यांतल्या बहुतेक व्हॉट्सॲपवरच येतात. गेले काही आश्विन मी तिच्याकडे बसून फोनची बाजू पाहते. तिच्यासोबत चुकत चुकत जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण घरून काही विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची अडचण एकाच जागी असते. व्हॉट्सॲप गप्पांसाठी बनलं आहे, आणि गप्पांमध्ये कुणी हिशोब लिहून ठेवत नाही. ऑर्डर घ्यायची तर गप्पांतून हिशोब वेगळा काढावा लागतो. तो काढायची रीत प्रत्येकीने आपली बसवायला हवी.

सुरुवात नंबरापासून करावी. मावशीने पहिली दोन वर्षं घरच्याच नंबरावर काम केलं. भाच्याच्या बारशाचे फोटो, सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी आणि अनारशांच्या ऑर्डरी एकाखाली एक येत. मग आम्ही दुसरं सिम घेतलं आणि त्यावर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ सुरू केलं. हे ॲप 2018 पासून आहे आणि मोफत आहे. एक नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. पण दोन सिमांच्या फोनवर दोन नंबरांनी दोन्ही ॲपं शेजारीशेजारी राहतात. दुकानाच्या माहितीत नाव, पत्ता, कामाच्या वेळा आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक लिहिला. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही ही नोंदणी लागते, आणि चौकस गिर्‍हाईक आधी तोच क्रमांक शोधतं.

कॅटलॉगची गरज आम्हाला एका जुन्या फोटोने पटवली. पूर्वी मावशी दरपत्रक वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो काढायची आणि सगळ्यांना पाठवायची. तो फोटो एकीने नणंदेला पाठवला, नणंदेने तिच्या भिशीच्या गटात टाकला. पुढच्या दिवाळीत एका अनोळखी नंबरावरून तोच फोटो परत आला, ‘या दराने चकली दोन किलो’ अशा मागणीसह. दरम्यान तेल महागलं होतं. अनोळखी बाईंची काही चूक नव्हती, त्यांच्या हातात मावशीच्याच अक्षरातला दर होता. एकदा सुटलेला फोटो परत बोलावता येत नाही. कॅटलॉगची लिंक मात्र कुणीही कुणालाही पाठवली तरी उघडल्यावर आजचाच दर दाखवते. ही लिंक `wa.me/c/` आणि पुढे देशाच्या क्रमांकासह आपला नंबर अशी असते. तरीही फोटो पाठवायचाच असेल तर त्या फोटोवरच ‘दर अमुक तारखेपर्यंत’ असं ठळक लिहावं. आम्ही आता ते चुकवत नाही.

कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू बसतात. मावशीच्या आहेत अकरा. प्रत्येक वस्तूला फोटो, नाव, दर आणि माहिती देता येते. सगळी कसोटी त्या माहितीच्या चार ओळींत असते. ‘खुसखुशीत, घरगुती चवीची चकली’ हे सगळेच लिहितात, आणि त्यातून गिर्‍हाइकाला काहीच कळत नाही. गिर्‍हाइकाला हवं असतं ते असं: भाजणीची चकली, शेंगदाणा तेलात तळलेली, पाव किलोत साधारण पंधरा चकल्या, बंद डब्यात तीन आठवडे टिकते, तिखट मध्यम. ‘पाव किलोत पंधरा’ हे लिहिल्या दिवसापासून ‘किती घेऊ हो?’ हा प्रश्न जवळजवळ थांबला. घरात माणसं किती आणि पाहुणे किती येणार, हे बाईला माहीत असतं. ग्रॅमाचा अंदाज तिला नसतो.

फोटोंचंही तसंच. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, रोजच्या स्टीलच्या ताटलीत पदार्थ ठेवून फोटो काढावा. शेजारी वाटी किंवा चमचा असला की आकार कळतो. एक फोटो मोडलेल्या चकलीचा द्यावा, आतली नळी दिसते. दुसर्‍याचा देखणा फोटो इंटरनेटवरून उचलून लावणं हा सरळ खोटेपणा आहे, आणि डबा उघडताच तो उघडा पडतो.

वस्तू संपली की कॅटलॉगमधून पुसायची नाही, ती लपवायची सोय आहे. आमचे अनारसे बाराही महिने कॅटलॉगमध्ये आहेत, पण दिसतात फक्त आश्विनात. त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. मग ते सावलीत सुकवून, किंचित ओले असतानाच दळून, गूळ घालून गोळा मुरायला ठेवतात. धनत्रयोदशीला कुणी ‘वीस अनारसे द्या’ म्हटलं तर ते होणार नाहीत, मावशीने कितीही जागरण केलं तरी. म्हणून आमच्या ऑर्डरींचं वेळापत्रक पदार्थांनी ठरवलेलं आहे. घटस्थापनेला दर लागतात. पितृपक्षात बरेचजण नवी खरेदी बोलत नाहीत, तेव्हा त्याआधी पाठवून उपयोग नसतो. परदेशी पार्सलची ऑर्डर दसर्‍याला बंद होते, अनारशांची कोजागिरीला, आणि बाकी सगळ्यांची वसुबारसेच्या आठ दिवस आधी. त्या त्या रात्री वस्तू लपवली की वाद राहत नाही. ‘ताई, बंद झालं’ हे तोंडाने सांगायला मावशीला फार जड जातं. कॅटलॉगमध्ये वस्तूच दिसली नाही की ते सांगायची वेळ क्वचितच येते.

एक सावधगिरी इथेच सांगते. मावशीच्या निम्म्या गिर्‍हाइकांनी साठी ओलांडली आहे आणि त्यातल्या बर्‍याचजणी कॅटलॉग उघडत नाहीत. त्यांना एका निरोपात मोठ्या अक्षरात यादी हवी असते. म्हणून आम्ही आधी साधी यादी लिहितो आणि तिच्या खाली लिंक देतो. यादी ‘झटपट उत्तरां’मध्ये साठवलेली आहे. `/` दाबून ‘दर’ लिहिलं की सगळा मजकूर येतो. पण तो मजकूर दर बदलला की आपल्यालाच बदलावा लागतो, आणि ते विसरलं तर जुन्या फोटोची गत पुन्हा होते.

आता मुख्य कामाकडे. ऑर्डर नक्की होते केव्हा? गिर्‍हाइकाने निरोप पाठवला तेव्हा नव्हे. मावशीने ‘हो’ म्हटलं तेव्हाही नव्हे. मावशीने पूर्ण ऑर्डर आपल्या शब्दांत परत लिहून पाठवली आणि समोरून ‘बरोबर’ आलं, तेव्हा. हा नियम आम्ही एका लाडवाच्या ऑर्डरीनंतर केला. बाईंनी लिहिलं होतं ‘लाडू 1’. मावशीने एक किलो समजून सव्वीस लाडू बांधले. बाईंना दहांचा एक डबा हवा होता. दोघींचंही बरोबरच होतं, कारण त्या वर्षी लाडू कॅटलॉगमध्ये किलोवर होते आणि पॅकिंग दहाच्या डब्यात होतं. आता लाडू आणि अनारसे फक्त नगावर, आणि चकली, शेव, चिवडा फक्त वजनावर. एकच वस्तू दोन मापांत विकली की गोंधळ ठरलेला.

सुरुवातीच्या त्या आवाजी निरोपावर मावशीने काय लिहायला हवं होतं, ते पाहा. आता ती असं लिहिते:

“ताई, आपली ऑर्डर अशी लिहून घेते. भाजणीची चकली दीड किलो, 900 रुपये. बेसन लाडू 20 नग, 500. पातळ पोह्यांचा चिवडा 1 किलो, 480. अनारसे 15 नग, 450. एकूण 2330 रुपये. वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ते 8 मध्ये आपल्या घरी पोच. पत्ता गेल्या वर्षीचाच ना? आगाऊ 1000, उरलेले 1330 डबे मिळाल्यावर. सगळं बरोबर असेल तर ‘बरोबर’ एवढं लिहा.”

यात पाच गोष्टी आहेत: वस्तू मापासह, दर, पोचवायचा दिवस आणि वेळ, पत्ता, पैसे. ‘चकली जरा जास्त’ याचा अर्थ मावशीने दीड किलो लावला आणि तो लिहून दाखवला. बाईंनी उत्तर दिलं, “नको, सव्वा पुरे.” ही दुरुस्ती तळण्याआधी झाली, तिला काहीच खर्च आला नाही. बदल झाला की मावशी नुसतं ‘ठीक’ लिहीत नाही, पूर्ण यादी नव्या बेरजेसह पुन्हा पाठवते: चकली सव्वा किलो 750, एकूण 2180, उरलेले 1180. म्हणजे त्या गप्पांमधली शेवटची यादी हीच ऑर्डर, वर काय लिहिलं होतं ते शोधायला नको.

कॅटलॉगमधून गिर्‍हाइकाने टोपली भरून पाठवली तरी हे चुकत नाही. टोपलीत वस्तू आणि बेरीज येते. दिवस आणि पत्ता येत नाही.

आणि मग ते वहीत उतरवायचं, त्याच क्षणी. फोनवर विसंबू नये, याला ठोस कारणं आहेत. पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्याखाली ‘संपादित’ अशी बारीक खूण येते, घाईत ती दिसत नाही. पुढे दोन दिवसांहून अधिक काळ तो सगळ्यांसाठी पुसताही येतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आपोआप नाहीसे होणारे निरोप. गिर्‍हाइकाने आपल्या बाजूने ती सोय चालू केली असेल, तर एका दिवसात, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत नवे निरोप आपल्या फोनवरूनही जातात. कोजागिरीला आलेली सात दिवसांची ऑर्डर वसुबारसेला फोनमध्ये नसतेच. गप्पा उघडल्यावर तशी सूचना मध्ये लिहिलेली दिसते, ती दिसली की आम्ही वहीत त्या नावापुढे फुली करतो. ही सोय लोक खासगीपणासाठी लावतात, त्यांचा काही दोष नाही. वही मात्र आपली असते.

फोनमध्ये वहीची जोड म्हणून लेबलं वापरतो, रंगीत चिकटपट्ट्यांसारखी. वीसपर्यंत करता येतात, आम्हाला चारच लागतात: ‘यादी पाठवली’, ‘आगाऊ आले’, ‘डबे भरले’, ‘पोचले’. रोज रात्री मावशी ‘यादी पाठवली’ हे लेबल उघडते. त्यात उरलेल्यांनी ‘बरोबर’ लिहिलेलं नसतं. त्यांना दुसर्‍या दिवशी एक आठवण जाते, त्यानंतर ती ऑर्डर धरत नाही. लेबलं जास्त केली की ती लावायचा कंटाळा येतो. अर्धवट लावलेली लेबलं नसलेल्यांपेक्षा वाईट, कारण त्यांच्यावर विश्वास बसलेला असतो.

पैशांबाबत दोनच वाक्यं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, ते खात्यात दिसले की मगच ‘आगाऊ आले’. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मोठी ऑर्डर देतो असं सांगून कुणी आपल्याला क्यूआर स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगत असेल तर तो चोर आहे.

दिवाळी संपते आणि खरा प्रश्न उरतो. उरलेलं वर्ष भाजणीवर चालतं, आणि भाजणी जुन्या गिर्‍हाइकांवर. त्यांना परत कधी आणि काय लिहायचं?

बहुतेकजणी ब्रॉडकास्ट यादी करतात आणि दर पंधरा दिवसांनी एकच निरोप सगळ्यांना पाठवतात. एका यादीत 256 जण बसतात, पण तो निरोप फक्त ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच मिळतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. मावशीच्या शंभर जणींच्या यादीत निरोप प्रत्यक्ष कुणाला पोचला, ते आम्ही निरोपाच्या माहितीत जाऊन एकदा मोजलं. जवळजवळ चाळीसजणींपुढे ‘पोचला’ नव्हतंच. तेव्हापासून पहिल्या डब्यासोबत चिठ्ठी जाते: ‘हा नंबर “भाजणी काकू” या नावाने साठवून ठेवा.’ नाव आपणच सुचवलं की त्या शोधताना सापडतो. आणि यादीतला प्रत्येक निरोप ‘नको असेल तर “नको” लिहा’ या ओळीने संपतो. ‘नको’ लिहिणारी बाई पुढे कधीतरी परत येते. वैतागून ब्लॉक करणारी येत नाही, आणि ब्लॉक करणारे वाढले की व्हॉट्सॲप आपल्या नंबरावर बंधनं आणू शकतं.

तरी ब्रॉडकास्ट सणापुरताच बरा. नेहमीच्या गिर्‍हाइकाला मावशी वेगळं लिहिते, आणि त्यासाठी वहीत एक रकाना आहे: मागच्या वेळेपासून किती दिवसांनी. एका बाईंची नोंद देते. थालिपिठाची भाजणी, अर्धा किलो: 3 जून, मग 8 जुलै, मग 14 ऑगस्ट. पहिल्या दोन तारखांत पस्तीस दिवस, पुढच्या दोनांत सदतीस. म्हणजे त्या घरात अर्धा किलो भाजणी साधारण छत्तीस दिवस पुरते, आणि सप्टेंबरच्या एकोणीस तारखेच्या आसपास डबा रिकामा होणार. मावशीने 14 सप्टेंबरला लिहिलं:

“ताई, भाजणीचा डबा संपत आला असेल. बुधवारी ताजी दळून आणणार आहे. अर्धा किलो ठेवू का?”

उत्तर आलं, “बरं झालं आठवण केलीत, एक किलो ठेवा, मुलगी येतेय.” हाच निरोप वीस दिवस आधी गेला असता तर ‘आहे अजून’ एवढं उत्तर आलं असतं, आणि दहा दिवस उशिरा गेला असता तर बाईंनी दुकानातून पुडा आणलेला असता. दोन खरेद्या झाल्याशिवाय अंतर कळत नाही, तीन झाल्या की अंदाज बसतो. पण पंचांगही पाहावं लागतं. उपासाच्या भाजणीला छत्तीस दिवसांचा हिशोब लागू पडत नाही. ती आषाढी एकादशीआधी, श्रावणात आणि नवरात्राआधी जाते, मध्ये महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. आणि ज्या घरी महिनाभर मुंबईबाहेर असतात, तिथला महिना मोजायचा नसतो.

निरोपाला उत्तर नाही आलं तर? दुसरी आठवण नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे बाईंनी वाचलं आहे, आणि न लिहिणं हेही उत्तर आहे. पुढचा निरोप थेट पुढच्या सणाला.

डबा पोचल्यावर दोन दिवसांनी एक निरोप मात्र जायलाच हवा, आणि त्यात विकायचं काही नसावं. “चकल्या मोडल्या नाहीत ना?” एवढाच. गेल्या वर्षी याच प्रश्नाने कळलं, की रिक्षाने गेलेल्या डब्यांत चकल्या मोडत होत्या आणि बायका संकोचाने बोलत नव्हत्या. डब्याच्या तळाशी आणि झाकणाखाली कागदाची जाड घडी घातली, तक्रार संपली. विचारलं नसतं तर त्या पुढच्या दिवाळीत गप्प राहिल्या असत्या आणि ऑर्डर दुसरीकडे दिली असती.

वहीत आणखी एक खूण असते, तिचं महत्त्व मला मावशीने शिकवलं. ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं आहे, त्या नावापुढे ती छोटा गोल काढते. त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, शेजारी आणि नातेवाईक फराळ नेऊन देतात. अशा घरी घटस्थापनेचा ‘दर लागले’ हा निरोप जाऊन चालत नाही. ते नाव ब्रॉडकास्टमधून त्या वर्षापुरतं काढायचं. मावशी त्यांना दिवाळीच्या आधी एकदा फोन करते, भावाबद्दल एक शब्द बोलत नाही. मग दिवाळीत कुणाच्यातरी हाती चार लाडू पाठवते. हे काम कुठलंही लेबल आपोआप करणार नाही.

आणि आता या लेखाच्या वाचकांपैकी जे गिर्‍हाईक आहेत, त्यांच्यासाठी. यंदा कुणाच्या घरून फराळ मागवाल तेव्हा एकाच निरोपात लिहा: वस्तू, माप, दिवस, पत्ता. आवाजी निरोप पाठवलात तर खाली तेच लिहूनही पाठवा. यादी परत आली की वाचून ‘बरोबर’ लिहा. त्यांचा नंबर साठवा. आणि अनारसे हवे असतील तर कोजागिरीच्या आत सांगा, तांदूळ भिजवायचे असतात.